पिकअप चारला, यादी बाराला

रात्री नऊ-दहाच्या सुमारास पुण्याच्या वेशीवरच्या एखाद्या कुरिअर केंद्रातून ट्रक निघतो. त्यात दिवसभर गोळा केलेली पार्सलं असतात, आणि त्यातली बरीच भिवंडीसारख्या मोठ्या गोदामांच्या गावी जाऊन पुढच्या गाड्यांत चढायची असतात. तिथली पुढची गाडी ठरल्या वेळी सुटते, म्हणून हा ट्रकही ठरल्या वेळी सुटतो. तो वेळेवर भरायचा तर केंद्रात संध्याकाळी वर्गवारी व्हायला हवी. वर्गवारी व्हायची तर पिकअप बॉय गोण्या घेऊन त्याआधी परतायला हवा. तो परतायचा तर त्याने शेवटचं घर साधारण सहाच्या आत उरकायला हवं. असं मागे मागे सरकत आपण धायरीतल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या घरात येऊन पोचतो. तिथे खणाच्या पर्स आणि दारावरची तोरणं विकणारी एक गृहिणी लेबलं चिकटवत असते, आणि दाराची बेल वाजते.

तिची पाच पार्सलं अजून उघडी असतील, तर पिकअप बॉय फार तर दहा मिनिटं थांबेल. पुढे त्याला आणखी वीस-पंचवीस घरं करायची असतात. तो गेला की ती पाच पार्सलं रात्रीच्या ट्रकला मुकतात. पुढचा ट्रक दुसऱ्या रात्री. उशीर पंधरा मिनिटांचा, नुकसान चोवीस तासांचं. शनिवार असेल आणि त्या भागात रविवारी पिकअप नसेल, तर थेट सोमवारचं.

कटऑफ नावाच्या वेळेचा उगम हा असा आहे. ऑनलाइन बाजाराने घरगुती विक्रेत्यांना छळायला काढलेला हा नियम नव्हे. टपालाच्या धंद्यात तो फार जुना आहे. लाल टपालपेटीवर पुढची पत्रं कधी काढणार याची पाटी असायची. ती वेळ चुकली, तरी धावतपळत रेल्वे स्टेशनावरच्या आरएमएस कार्यालयात जाऊन ‘लेट फी’ नावाचं जादा शुल्क भरून पत्र त्याच रात्रीच्या गाडीत घालता येत असे. आजच्या विक्रेत्याला लेट फीची ती सोय नाही. वेळ गेली की गेली.

घरून विकणाऱ्यांपैकी बहुतेकजणी पिकअपची वेळ ध्यानात ठेवतात. खरं तर दिवसात दोन वेळा महत्त्वाच्या असतात. पहिली ऑर्डरचा कटऑफ: या वेळेपर्यंत आलेली ऑर्डर आज निघाली पाहिजे, त्यानंतर आलेली उद्या निघाली तरी चालते. दुसरी पिकअपची वेळ. आपल्या धायरीच्या उदाहरणात कटऑफ दुपारी बाराचा आणि पिकअप ‘चार ते सहा’ धरू. प्रत्येक बाजाराचे आकडे वेगळे असतात, पिनकोडनुसार बदलतात, सणासुदीत पुढेमागे होतात. म्हणून ते मैत्रिणीकडून ऐकून ठरवायचे नाहीत. विक्रेत्याच्या पॅनलवर प्रत्येक ऑर्डरसमोर ‘या तारखेपर्यंत पाठवा’ असं लिहिलेलं असतं. बारा वाजण्याच्या थोडं आधी आलेली ऑर्डर आणि थोडी नंतरची ऑर्डर यांच्यापुढच्या तारखा शेजारी ठेवून पाहिल्या, की आपला खरा कटऑफ कळतो.

या दोन वेळांमधला काळ हीच घरगुती पाठवणीची सगळी जागा. बारा ते चार. पण चार हा आकडा धरून चालणं धोक्याचं आहे, कारण ‘चार ते सहा’ ही कंपनीने दिलेली वेळ आहे आणि बेल वाजवणारा माणूस निराळा आहे. एका साध्या वहीत दोन आठवडे त्याच्या येण्याची वेळ लिहून ठेवली तर चित्र स्पष्ट होतं. समजा नोंदी अशा आल्या: 4:20, 4:45, 3:50, 5:10, 4:30, 4:15. सरासरी साडेचारच्या जवळ जाते आणि मनाला बरं वाटतं. पण उपयोगाचा आकडा 3:50 हा आहे. पिकअप बॉय सर्वात लवकर कधी आला होता, त्याच्या वीस मिनिटं आधी गोणी बांधून दारापाशी तयार हवी. म्हणजे साडेतीन. सरासरीवर घर चालवलं, तर जवळपास निम्म्या दिवशी धावपळ ठरलेली.

आता कामाला किती वेळ लागतो ते पाहू. हा हिशेब बहुतेक घरांत कधी केलेलाच नसतो. खणाची पर्स पाठवायची म्हणजे ती काढायची, चेन ओढून बघायची, लोंबणारा दोरा कापायचा, पारदर्शक पिशवीत घालायची, मग कुरिअरच्या पिशवीत सरकवून कड चिकटवायची आणि लेबल लावायचं. सरावलेल्या हाताला चार मिनिटं. तोरण नाजूक असतं. त्याला पुठ्ठ्याचा खोका, मणी दबू नयेत म्हणून बबल रॅप आणि चारही बाजूंनी टेप लागते. सात मिनिटं. दिवसाला वीस ऑर्डर, त्यात पंधरा पर्स आणि पाच तोरणं असतील, तर पॅकिंगला 60 अधिक 35, म्हणजे 95 मिनिटं. माल कपाटातून काढायला पंधरा, लेबलं छापायला दहा, शेवटची मोजणी आणि गोणी बांधणं दहा. एकूण 130 मिनिटं, म्हणजे दोन तास दहा मिनिटं. बाराला सुरुवात केली तर सव्वादोनच्या आत संपतं. मध्ये जेवण, शाळेतून आलेलं मूल, प्रिंटरचे नखरे, हे सगळं धरूनही साडेतीन गाठता येतं.

या हिशेबात एक अट आहे, आणि गाडं तिथेच अडतं. बाराला यादी बंद झाली पाहिजे. बंद म्हणजे बंद. साडेबाराला आलेली ऑर्डर कितीही सोपी असली, ‘एकच तर पर्स आहे’ असं वाटलं, तरी ती उद्याच्या यादीत. नियम म्हणून हा कठोर वाटेल, पण कारण साधं आहे. ती एक पर्स आज घुसवायची तर पॅनल पुन्हा उघडावं लागतं, लेबल पुन्हा छापावं लागतं, आणि छापताना बऱ्याचदा आधीची वीस लेबलंही पुन्हा निघतात. टेबलावर एकाच ऑर्डरची दोन लेबलं आली की दोन पार्सलं एकाच पत्त्यावर जायची शक्यता उभी राहते. ज्या ऑर्डरची मुदतच उद्याची आहे, तिच्यासाठी आजच्या वीस ऑर्डरी पणाला लावण्यात काही शहाणपण नाही.

यादी कटऑफच्या आधी बंद करणंही चुकीचं. अकराला यादी बंद केली, तर अकरा ते बारा या तासात आलेल्या ऑर्डरींची मुदत आजचीच असते आणि त्या मागे राहतात. सकाळी लवकर सगळं उरकून टाकणाऱ्या शिस्तप्रिय बायकांच्या पॅनलवर कधीकधी उशिराचा शेरा दिसतो, त्याचं कारण बहुधा हेच.

दिवाळीच्या तोंडावर तोरणांची मागणी वाढते आणि वीसाच्या चाळीस ऑर्डरी होतात. तीस पर्स, दहा तोरणं. पॅकिंगला 190 मिनिटं, बाकीच्या कामांना पन्नास. चार तास. बाराला सुरू केलं तर चार वाजतात आणि पिकअप बॉय 3:50 लाच दारात उभा. इथे हात जलद चालवून काही होत नाही. घाईत चुकीचा रंग चुकीच्या पिशवीत जातो आणि तो माल परतीच्या खर्चासह घरी येतो. उपाय म्हणजे एकाच्या दोन बॅचेस. काल दुपारी बारानंतर आज सकाळी नऊपर्यंत जमलेल्या ऑर्डरी पहिल्या बॅचमध्ये घ्यायच्या. चाळीसपैकी साधारण अठ्ठावीस तिथेच येतात, कारण लोक रात्री जेवण झाल्यावर मोबाइलवर खरेदी करतात. एकवीस पर्स आणि सात तोरणं धरली तर इतर कामांसकट पावणेतीन-तीन तास, म्हणजे नऊ ते बारा. नऊ ते बारा या वेळात आलेल्या बारा ऑर्डरींची दुसरी बॅच बाराला सुरू होते आणि दीडच्या आसपास संपते. काम तेवढंच, फक्त त्यातला मोठा भाग कटऑफच्या अलीकडे सरकवलेला.

दोन बॅचेस करताना एक पथ्य पाळावं लागतं. पहिल्या बॅचची लेबलं छापून झाली की पॅनलवर त्या ऑर्डरी ‘रेडी टू शिप’ करून टाकायच्या, म्हणजे त्या प्रलंबित यादीतून हलतात आणि दुपारच्या छपाईत पुन्हा येत नाहीत. हे विसरलं की दुहेरी लेबलांचा घोळ ठरलेला.

बॅचच्या आतला क्रम मात्र सगळ्यांनी आपापल्या घराच्या रचनेप्रमाणे ठरवावा. तरी एक पद्धत अशी आहे की ती एकदा वापरल्यावर सहसा कुणी सोडत नाही. ऑर्डर एकेक करून उघडायची, तिचा माल आणायचा, बांधायची, मग दुसरी, असं न करता आधी सगळ्या ऑर्डरींची एकत्र मालयादी काढायची: लाल पर्स सहा, मोरपंखी चार, जांभळ्या पाच, मोठी तोरणं दोन, लहान तीन. तेवढाच माल मोजून टेबलावर आणायचा, एकही नग जास्त नाही. मग लेबलं वस्तूप्रमाणे लावून घ्यायची आणि सगळ्या लाल पर्स एकदम, मग सगळ्या मोरपंखी, असं पॅकिंग करायचं. कपाटापर्यंतच्या वीस खेपा वाचतात हा फायदा आहेच. पण मोठा फायदा शेवटी दिसतो. बॅच संपल्यावर टेबल रिकामं असायला हवं. एक जांभळी पर्स उरली असेल, तर याचा अर्थ कुठल्यातरी पिशवीत ती जायला हवी होती आणि गेली नाही. बहुधा दोन नगांच्या ऑर्डरीत एकच गेला. ही चूक पार्सल घरात असतानाच कळते. एरवी ती आठवड्याने ग्राहकाच्या तक्रारीतून कळली असती.

मग मोजणी. छापलेली लेबलं वीस, बांधलेली पार्सलं वीस, आणि पिकअप बॉयने स्कॅन केलेली पार्सलं वीस. हे तीन आकडे जुळेपर्यंत दिवस संपला असं मानायचं नाही. लेबलं वीस आणि पार्सलं एकोणीस भरली तर पहिल्यांदा थर्मल प्रिंटरच्या खालच्या रोलकडे पाहावं, कारण एखादं लेबल पाठीच्या कागदासह तिथेच लटकलेलं सापडतं. दुसरी नेहमीची जागा म्हणजे एखाद्या पार्सलवर चुकून एकावर एक लागलेली दोन लेबलं.

तिसरा आकडा सर्वात दुर्लक्षित आहे आणि भांडणं सर्वात जास्त त्याच्यावरून होतात. पार्सल पिकअप बॉयच्या हातात दिलं म्हणजे ते पाठवलं, असं घरच्यांना वाटतं. यंत्रणेच्या लेखी मात्र बारकोड स्कॅन होतो तेव्हाच ते पाठवलं जातं. घाईत असलेला बॉय म्हणतो, “ताई, केंद्रात जाऊन स्कॅन करतो,” आणि गोणी खांद्यावर टाकून निघतो. बहुतेक वेळा तो करतोही. पण गोणीतलं एखादं पार्सल वाटेत पडलं, फाटलं किंवा दुसऱ्याच गोणीत मिसळलं, तर ते कधी घरून निघालंच नव्हतं असं नोंदीत दिसतं. विक्रेतीकडे पुरावा काही उरत नाही. म्हणून दारातच स्कॅन करून घ्यायचा आग्रह धरावा, आणि त्याला तो सोपा जावा म्हणून पार्सलं लेबलची बाजू वर करून, एका रांगेत रचून ठेवावीत. वीस पार्सलं अशी रचलेली असली की दोन-तीन मिनिटांत स्कॅन होतात. तीच गोणीत कोंबलेली असली की प्रत्येक काढून उलटसुलट करावं लागतं, आणि मग त्याचंही चुकत नाही. सोबत मॅनिफेस्ट, म्हणजे आज दिलेल्या पार्सलांची छापील यादी, असेल तर त्यावर संख्या लिहून त्याची सही घ्यायची. काही ठिकाणी सहीऐवजी ओटीपी मागतात. तो संख्या पाहिल्यावरच सांगायचा, दार उघडता उघडता नाही.

एकाच बाजाराची पार्सलं वेगवेगळ्या कुरिअर कंपन्या नेतात, ही आणखी एक अडचण. लेबलच्या वरच्या भागात कंपनीचं नाव छापलेलं असतं: डेल्हिवरी, एक्सप्रेसबीज, आणखी कुणी. एकाचा माणूस दुसऱ्याचं पार्सल नेत नाही, आणि चुकून नेलंच तर ते परत यायला दिवस लागतात. म्हणून पॅकिंग वस्तूप्रमाणे केलं तरी शेवटी ढीग कंपनीप्रमाणे करायचे. प्रत्येक कंपनीची वेगळी गोणी आणि त्यावर स्केचपेनने नाव आणि संख्या, एवढं पुरतं. त्या गोणीतही आजची मुदत असलेली पार्सलं वर ठेवावीत, कारण पावसाळ्यात दुचाकीवर आलेला बॉय कधीकधी “आज निम्मीच नेतो” म्हणतो. अशा वेळी कुठली निम्मी द्यायची हा प्रश्न दारात उभं राहून सोडवायचा नसतो.

एवढी खबरदारी कशासाठी, तर उशिराचं मोजमाप टक्क्यांत होतं म्हणून. अमेझॉन उशिरा पाठवलेल्या ऑर्डरींचं प्रमाण 4 टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगतं. मोठ्या विक्रेत्याला यात श्वास घ्यायला जागा असते. घरगुती विक्रेतीचं गणित वेगळं आहे. दिवसाला वीस ऑर्डरी आणि महिन्यात पंचवीस कामाचे दिवस, म्हणजे पाचशे ऑर्डरी. एका दिवशी वीज गेली, प्रिंटर बंद पडला, पिकअप बॉय परत गेला आणि वीसही पार्सलं राहिली, तर महिन्याचे 4 टक्के त्या एका दुपारीच संपले. उरलेले चोवीस दिवस निर्दोष गेले तरी मर्यादा गाठलेलीच. म्हणून लेबलं छापण्याचं काम पॅकिंगच्या मध्ये न ठेवता बॅच सुरू होताच उरकून घेणं फायद्याचं: नंतर वीज गेली तरी टेप आणि कात्रीला विजेची गरज नसते. महावितरणचा देखभालीचा संदेश आदल्या दिवशी आला असेल, तर यादी बंद होताच लेबलांची फाइल मोबाइलवर घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून साध्या ए-फोर कागदावर छापून आणता येते. चौकट कापायची आणि पारदर्शक टेपने चिकटवायची. फक्त बारकोडवरून टेपची सुरकुती जाऊ द्यायची नाही, नाहीतर स्कॅनर तो वाचत नाही.

चूक नेहमी घरातलीच असते असं नाही. पार्सलं साडेतीनपासून तयार असतात, सहा वाजतात, सात वाजतात, कुणी येत नाही, आणि रात्री पॅनलवर शेरा दिसतो: ‘पिकअपचा प्रयत्न केला, विक्रेता तयार नव्हता’. असं घडतं, आणि अगदी क्वचित घडतं असंही नाही. त्यावर उपयोगी पडतो तो पार्सलं रचून झाल्यावर काढलेला एक फोटो, ज्यात लेबलं वाचता येतात आणि फोनने वेळ नोंदलेली असते. तक्रार त्याच संध्याकाळी नोंदवायची, ऑर्डर क्रमांक आणि फोटो जोडून. तीन दिवसांनी केलेल्या तक्रारीत कोण खरं आणि कोण खोटं हे तपासायची इच्छा कुणालाच उरलेली नसते. आणि दिलेल्या पार्सलांचं पॅनल रात्री झोपण्यापूर्वी एकदा पाहावं. सगळ्यांपुढे ‘पिकअप झालं’ असं दिसत असताना एखादं अजून ‘रेडी टू शिप’वरच असेल, तर तेच न स्कॅन झालेलं पार्सल. सकाळी पिकअप बॉयला फोन केला तर ते गोणीच्या तळाशी सापडतं. आठवड्याने केला तर सापडत नाही.

बाजाराच्या बाहेर, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्रामवर विकणाऱ्यांना कटऑफ कुणी देत नाही. तो स्वतःच द्यावा लागतो. इथे ‘बारापर्यंत ऑर्डर’ असं म्हणून भागत नाही, कारण “हा लाल रंग ठेवा हं” ही ऑर्डर की चौकशी, हे ठरवण्यातच दुपार जाते. ‘बारापर्यंत पैसे आणि पिनकोडसह पूर्ण पत्ता आला तर आज’ असं लिहिलं की वाद राहत नाही. ही पार्सलं बहुतेकदा जवळच्या कुरिअरच्या दुकानात किंवा पोस्टात नेऊन द्यायची असतात, आणि तिथे चौकशी थोडी वेगळी करावी लागते. दुकान किती वाजता बंद होतं हे विचारून उपयोग नाही. आजची बॅग किती वाजता निघते हे विचारायचं. दुकान रात्री आठपर्यंत उघडं असेल, पण बॅग सहाला गेली असेल, तर सातला दिलेलं पार्सल रात्रभर त्याच दुकानात झोपतं. पोस्टातही तेच. काउंटरवर स्पीड पोस्टची पावती दुपारी उशिरा मिळते, पण त्या कार्यालयाची थैली आधीच रवाना झालेली असू शकते.

हाताने बनवलेल्या मालाचं एक निराळं दुखणं आहे. तोरण संपलेलं असताना ऑर्डर आली, तर ते करायला दोन दिवस हवेत, आणि कटऑफचं घड्याळ मात्र लगेच सुरू होतं. जवळपास सगळ्या बाजारांत वस्तूगणिक तयारीचा अवधी नोंदवता येतो. अनेकजणींनी तो एक दिवसावर सोडून दिलेला असतो, कारण नोंदणी करताना तसाच होता. पर्ससाठी एक दिवस आणि तोरणांसाठी दोन किंवा तीन असं वेगळं केलं, तर रोजची बॅच पुष्कळ हलकी होते. अर्थात त्याची किंमत आहे: ग्राहकाला दिसणारी पोचण्याची तारीख पुढे जाते आणि सणाच्या आठवड्यात त्यामुळे काही विक्री हातची जाते. म्हणून तो अवधी वर्षभर एकच ठेवत नाहीत. नवरात्राच्या आधी तोरणांचा साठा करून ठेवता आला तर अवधी एक दिवसावर आणायचा, साठा दहा नगांच्या खाली गेला की पुन्हा दोनवर.

सुट्ट्यांचंही तसंच. गणपतीत घरात पाच दिवस पाहुणे असतात, हे बाजाराच्या संगणकाला माहीत नसतं. सुट्टीची नोंद पॅनलवर आगाऊ करावी लागते, आणि ती करतानाही शेवटच्या कामाच्या दिवसाचा कटऑफ पाहून करायची. चतुर्थी बुधवारी असेल आणि सुट्टी बुधवारपासून टाकली, तर मंगळवारी दुपारी बारानंतर आलेल्या ऑर्डरींची मुदत कुठे पडते हे आधी तपासावं. ती बुधवारचीच दाखवत असेल, तर सुट्टी मंगळवार दुपारपासून लावायची, किंवा तशी सोय नसेल तर मंगळवारी बाराला माल तात्पुरता ‘शिल्लक नाही’ करून ठेवायचा. पाहुणे गेल्यावर पहिल्या दिवशी दोन बॅचेस घ्याव्या लागतात. त्या दिवशी पिकअप बॉयला मोठी गाडी आणायला सांगायचा फोन सकाळी नऊच्या आत केलेला बरा, कारण तो दहाला केंद्रातून निघतो.